दोन चुका माफ : व्हिडिओ गेम नियमांमधून कसा बोलतो

सीमेवरच्या तपासणीच्या खिडकीसमोर एक माणूस येऊन उभा राहतो. पासपोर्ट, प्रवेश परवाना, सगळी कागदपत्रं बिनचूक. हिरवा शिक्का घेऊन आत जाता जाता तो एवढंच सांगतो की, माझ्यामागे माझी बायको आहे, तिच्याशी नीट वागा. पुढचा माणूस बोलावला की खरोखर तीच येते. माझा नवरा सुखरूप आत गेला ना, असं विचारते. तिच्याकडे पासपोर्ट आहे, पण प्रवेश परवाना नाही. का नाही, असं विचारलं तर सांगते की मला तो दिलाच नाही आणि परत पाठवलंत तर माझा जीव जाईल.

तुमच्या हाताशी दोन शिक्के आहेत, एक हिरवा आणि एक लाल. बाहेर रांग वाढतेय आणि घड्याळ थांबत नाही.

हा ‘पेपर्स, प्लीज’ या व्हिडिओ गेममधला प्रसंग. लुकास पोप या डेव्हलपरने तो जवळपास एकट्याने तयार केला आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. चित्रं जाडीभरडी, रंग मळकट, बोलणाऱ्यांचा आवाज म्हणजे नुसती न कळणारी घरघर. तरीही ‘गेम हे संवादाचं माध्यम आहे’ म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला मला याच्याइतकं सोयीचं उदाहरण दुसरं दिसत नाही. नवमाध्यमांच्या सेमिनारमध्ये कथा, परस्परक्रिया आणि खेळाडूची ओळख हे तीन विषय सहसा वेगवेगळ्या दिवशी शिकवले जातात. या गेममध्ये ते एकाच शिक्क्यात येतात, म्हणून इथे तिन्हींचा विचार या एका गेमवरूनच करू.

आधी हिशोब

आर्स्टोट्झ्का नावाचा एक काल्पनिक देश आहे, पोलादी शिस्तीचा आणि संशयी. शेजारच्या कोलेचियाबरोबरचं युद्ध नुकतंच संपलंय आणि ग्रेस्टिन गावातली सीमा पुन्हा उघडलीय. कामगार सोडतीत तुमचं नाव निघतं आणि त्या सीमेवर तपासनिसाची नोकरी मिळते. तारीख आहे २३ नोव्हेंबर १९८२. घरी बायको, मुलगा, सासू आणि एक काका. गेममध्ये कथेची भूमिका म्हणून सांगितली जाते ती साधारण एवढीच.

बाकीचं सगळं नियम सांगतात. बरोबर तपासलेल्या प्रत्येक माणसामागे तुम्हाला ५ क्रेडिट मिळतात. संध्याकाळी घरखर्चाचा पडदा येतो. सुरुवातीला भाडं २०, जेवण २० आणि घर उबदार ठेवण्याचे १०, असे दिवसाला ५० क्रेडिट लागतात. म्हणजे निव्वळ तोंडमिळवणी करायची तरी दिवसात दहा माणसं बिनचूक तपासायला हवीत. नवख्या खेळाडूला ते सहज जमत नाही. पैसे कमी पडले तर जेवण किंवा ऊब यांपैकी एकावरची खूण काढावी लागते. मग घरातल्या माणसांच्या नावापुढे ‘भुकेला’, ‘गारठलेला’, ‘आजारी’ असे शब्द दिसू लागतात. औषधाचा खर्च वेगळा. दुर्लक्ष होत राहिलं तर माणूस दगावतो.

चूक झाली की टेबलाच्या कडेला असलेला छोटा प्रिंटर करकर करत एक चिठ्ठी बाहेर टाकतो. त्यावर तुम्ही कोणता नियम मोडला ते लिहिलेलं असतं. दिवसातल्या पहिल्या दोन चिठ्ठ्या नुसती ताकीद असतात, त्यांना दंड नाही. तिसऱ्या चिठ्ठीपासून पगारातून पैसे कापले जातात आणि पुढे दंड वाढत जातो.

या दोन माफ चुकांपाशी जरा थांबू, कारण माझ्या मते अख्खा गेम त्यांच्यावर तोललेला आहे. पहिल्यांदा खेळताना ही सवलत नवख्यांसाठी दिली असावी असं वाटतं. मग ती परवाना नसलेली बाई समोर येते. तिला आत सोडलं की चिठ्ठी येणार. ती त्या दिवसाची पहिली किंवा दुसरी असेल तर खिशातून काही जात नाही, फक्त तिचे ५ क्रेडिट मिळत नाहीत. पण सकाळी एखाद्याची जन्मतारीख नीट न वाचल्यामुळे आणि आणखी कुणाच्या परवान्यावरचं नाव पडताळून न पाहिल्यामुळे दोन ताकिदी आधीच घेतल्या असतील, तर तिला आत सोडणं म्हणजे घरच्यांच्या ताटातला घास काढणं.

निष्काळजीपणा आणि दया यांचा खर्च एकाच खात्यातून होतो. कामात चोख असलेल्या तपासनिसाला दिवसातून दोनदा माणुसकी दाखवणं परवडतं. धांदरट तपासनिसाला, त्याचं मन कितीही मोठं असलं तरी, ते परवडत नाही. गेममधलं एकही पात्र हे वाक्य उच्चारत नाही आणि वर्तमानपत्रातही ते छापलेलं नसतं. खेळणाऱ्याला ते चौथ्या-पाचव्या दिवशी आपलं आपण कळतं, कारण त्याने ते करून पाहिलेलं असतं.

अशा सांगण्याला गेमचे अभ्यासक इयान बोगोस्ट यांनी ‘प्रोसिजरल रेटरिक’ असं नाव दिलं. २००७ मध्ये त्यांनी ही कल्पना सविस्तर मांडली. भाषण शब्दांनी पटवतं, जाहिरात चित्रांनी पटवते, गेम मात्र प्रक्रियेने पटवतो. जगातली एखादी व्यवस्था कशी चालते याचं छोटं, चालतं प्रारूप तो तुमच्यापुढे ठेवतो आणि त्यात तुम्हाला काम करायला लावतो. जुलमी राजवटीत साधी माणसं क्रूर का होतात, या प्रश्नाला ‘पेपर्स, प्लीज’चं उत्तर आहे : कारण दयाळूपणाला किंमत लावलेली असते आणि ती किंमत घरच्यांना मोजावी लागते. हे उत्तर पुरेसं आहे का, याबद्दल वाद घालता येईल. पण वाद घालता येतो, याचाच अर्थ गेमने काहीतरी विधान केलं आहे.

बटणं म्हणजे परस्परक्रिया नव्हे

परस्परक्रिया हा शब्द इतका सैल वापरला जातो की त्यात काहीही बसतं. टीव्हीचं चॅनल बदलणं, पान उलटणं, व्हिडिओ थांबवणं या सगळ्यांत माणूस काहीतरी करतोच. अभ्यासक एस्पेन आर्सेथ यांनी १९९७ मध्ये यासाठी एक उपयोगी फरक दाखवला. काही संहितांमध्ये वाचकाला डोळे फिरवणं आणि पानं उलटणं याच्या पलीकडचे कष्ट घ्यावे लागतात, आणि त्या कष्टांमधूनच संहितेतला एक मार्ग तयार होतो. त्याच वर्षी जॅनेट मरे यांनी याचीच दुसरी बाजू मांडली. आपण अर्थपूर्ण कृती केली आणि तिचे परिणाम आपल्याला दिसले की जे समाधान मिळतं, त्याला त्या ‘एजन्सी’ म्हणतात. नुसतं बटण दाबलं जाणं पुरेसं नाही. आपण काहीतरी करायचं ठरवलं, व्यवस्थेने त्याला उत्तर दिलं आणि त्या उत्तरामुळे पुढच्या वेळी आपल्याला काय करता येईल ते बदललं, असं वर्तुळ पूर्ण व्हायला हवं.

आपल्या गेममध्ये हे वर्तुळ कसं फिरतं ते पाहू. माणूस खिडकीपाशी कागद ठेवतो. ते ओढून आपल्या टेबलावर आणायचे. टेबल अपुरं आहे आणि नियमांचं पुस्तक उघडलं की त्यातली बरीच जागा तेच अडवतं. कागद एकमेकांवर चढतात. पासपोर्ट देणारं शहर त्या देशाच्या यादीत आहे का, फोटो आणि समोरचा चेहरा जुळतात का, मुदत संपलीय का, परवान्यावर दिलेला प्रवासाचा उद्देश आणि तोंडी सांगितलेला उद्देश एकच आहे का, हे सगळं तपासायचं. विसंगती सापडली तर तपासणीचं बटण दाबून न जुळणाऱ्या दोन गोष्टींवर बोट ठेवायचं, म्हणजे चौकशी सुरू होते. शेवटी शिक्का आणि कागद परत. बहुतेक दिवशी सकाळी एखादा नवा नियम येतो. कधी नवा कागद सक्तीचा होतो, कधी एखाद्या देशाच्या लोकांची झडती घ्यायचा हुकूम येतो.

यात दोन गोष्टी बारकाईने पाहण्यासारख्या आहेत. एक म्हणजे तुमची नजर कुठे जाते. माणसाचा चेहरा पडद्यावर डावीकडे असतो, पण तुमचं लक्ष टेबलावरच्या कागदांत. चेहऱ्याकडे पाहायचं ते फक्त फोटोशी ताडून पाहण्यापुरतं. तिसऱ्या दिवशी गयावया करणाऱ्याचं बोलणं पूर्ण वाचणारा खेळाडू दहाव्या दिवशी त्याची वाक्यं संपायच्या आत शिक्का उचलतो. त्याला तसं वागायला कुणी सांगितलेलं नसतं. टेबलाची मांडणी आणि घड्याळ यांनीच त्याला हे वळण लावलेलं असतं. माध्यमांच्या अभ्यासकाने इथे पात्रांच्या संवादांइतकीच टेबलाच्या आकाराचीही नोंद घ्यायला हवी.

दुसरी गोष्ट म्हणजे तुम्हाला काय करता येत नाही. त्या बाईला धीर देता येत नाही. वरिष्ठांना फोन करता येत नाही. उद्या या, काहीतरी मार्ग काढू, असंही म्हणता येत नाही. तपासनीस विसंगतीबद्दल ठरावीक प्रश्न विचारतो आणि तेही लिहून ठेवलेले आहेत. तुमच्या हातात आहे ते सोडणं, परत पाठवणं आणि पुढे अटक करणं. क्रियापदांची ही गरिबी पाहून काही जण म्हणतात की यात परस्परक्रिया कमी आहे. मला उलट वाटतं. कचेरीतला अधिकार माणसाला किती कमी शब्द ठेवतो हे सांगायचं असेल, तर खेळाडूला कमी शब्द देणं हाच सरळ मार्ग आहे. शंभर पर्याय दिले असते तर हा गेम काही सांगूच शकला नसता.

अटकेवरून आठवलं. पुढे कॅलेन्स्क नावाचा एक पहारेकरी तुमच्याकडे येतो. अटका वाढल्या की त्याला जादा पैसे मिळतात. तुम्ही जास्त लोकांना अडकवलंत तर त्यातला वाटा तुम्हालाही देईन, असं तो सुचवतो. आतापर्यंत ज्याचा कागद चुकीचा आहे त्याला लाल शिक्का मारून परत पाठवणं पुरत होतं. आता त्याच माणसाला कोठडीत टाकण्याचे पैसे मिळतात. समोरचा माणूस तोच आणि त्याची चूकही तीच, बदलला आहे तो फक्त दर. घरी मुलगा आजारी असताना अटकेच्या बटणाकडे हात किती सहज जातो, हे स्वतः पाहण्यासारखं आहे.

कथा रांगेत उभी आहे

साधारण २००० च्या सुमारास गेमच्या अभ्यासात एक वाद गाजत होता. गेमकडे कथेचा एक प्रकार म्हणून पाहायचं की नियमांची व्यवस्था म्हणून? दोन्ही बाजूंनी बरीच शाई खर्ची पडली. आज तो वाद तसाच्या तसा कुणी घालत नाही आणि आपणही त्यात फार वेळ घालवायला नको. त्यातून हाती लागलेली एक उपयोगी मांडणी मात्र पाहू. हेन्री जेन्किन्स यांनी २००४ मध्ये असं सुचवलं की गेममधली कथा सांगितली जाण्यापेक्षा जागेत आणि वस्तूंमध्ये पेरून ठेवलेली असते. खेळाडू ती वेचतो, आणि काही कथा तर खेळण्यातूनच नव्याने उगवतात.

‘पेपर्स, प्लीज’मध्ये पेरलेली कथा आहेच. ३१ दिवसांचा क्रम ठरलेला आहे. रोज सकाळी वर्तमानपत्राचे मथळे दिसतात. एझिक नावाची गुप्त संघटना राजवट उलथवण्यासाठी तुमची मदत मागते. व्होनेल नावाचा अधिकारी येऊन मोजक्या शब्दांत घाम फोडतो. हाताने खरडलेला हास्यास्पद पासपोर्ट घेऊन येणारा जोर्जी हा म्हातारा कितीही वेळा हाकलला तरी हसतमुखाने परत येतो. एकूण २० शेवट आहेत. कुठे तुरुंग, कुठे देश सोडून पलायन, कुठे उठावाचा विजय, आणि एका शेवटात तुम्ही निमूटपणे नोकरीत टिकून राहता.

पण या गेमची खरी हुशारी पेरण्याच्या पद्धतीत आहे. रांगेतली बरीचशी माणसं संगणकाने ऐन वेळी जुळवलेली असतात. नाव, चेहरा, वजन, उद्देश सगळं आयत्या वेळचं. लिहून ठेवलेली पात्रंही त्याच रांगेत, त्यांच्यासारखीच उभी असतात. अनेक गेममध्ये महत्त्वाच्या पात्राच्या डोक्यावर एखादी खूण असते, किंवा ते आलं की संगीत बदलतं. इथे तसं काही होत नाही. तो नवरा बोलेपर्यंत दिवसातल्या दहा-बारा जणांपैकी एक असतो.

याचा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. कथा कामाच्या रेट्यात अवचित समोर येते, त्यामुळे ती ऐकायची की काम उरकायचं हा निर्णयही खेळाडूच्याच अंगावर पडतो. आणि एकदा असा प्रसंग घडला की पुढच्या साध्या, यंत्राने जुळवलेल्या माणसाकडेही खेळाडू वेगळ्या नजरेने पाहू लागतो. मुदत संपलेला परवाना घेऊन आलेल्या या बाईमागेही काहीतरी असेल का? खरं तर तिच्यामागे काहीच नसतं, ती चार याद्यांमधून उचललेल्या माहितीची मोळी असते. तरीही ती शंका येते. लेखकाने न लिहिलेली कथा इथे खेळाडू स्वतः लिहू लागतो.

कथा आणि नियम एकमेकांना धरून चालतात तेव्हा हे घडतं. ते एकमेकांच्या विरुद्ध गेले तर काय होतं, यावर गेम डिझायनर क्लिंट हॉकिंग यांनी २००७ मध्ये ‘बायोशॉक’ या गेमबद्दल लिहिलं होतं. त्यांचा आक्षेप असा की तिथले नियम खेळाडूला स्वार्थाने वागण्याची मुभा देतात, कथा मात्र त्याला दुसऱ्याच्या मदतीला धावायला लावते आणि त्यात निवड ठेवत नाही. या विसंगतीला त्यांनी दिलेलं ‘ल्युडोनॅरेटिव्ह डिसोनन्स’ हे नाव पुढे रूढ झालं. ती ओळखायची साधी रीत अशी : पात्राच्या तोंडी जे मूल्य आहे, त्याप्रमाणे वागल्यावर गेम बक्षीस देतो की दंड, आणि तो दंड मुद्दाम ठेवलाय की नजरचुकीने राहिलाय? ‘आर्स्टोट्झ्काचा विजय असो’ असं सतत म्हणणाऱ्या राजवटीचा पगार घर चालवायला अपुरा पडतो, ही विसंगती मुद्दाम ठेवलेली आहे.

कोण आहे हा तपासनीस?

तपासनिसाला नाव नाही. त्याचा चेहरा खेळताना दिसत नाही. घरची माणसं दिसतात ती हिशोबाच्या पडद्यावर, एकेका शब्दात. अवतार सजवणं, केस आणि कपडे निवडणं यांतूनच खेळाडूची ओळख घडते असं मानणाऱ्याला इथे अभ्यासायला काही मिळणारच नाही.

दिसण्याचा परिणाम होतो, हे खरं आहे. निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात लोकांना आभासी जगात उंच किंवा बुटके अवतार दिले होते. उंच अवतार मिळालेल्यांनी पैशांच्या वाटणीत जास्त ताठरपणे घासाघीस केली, तर बुटका अवतार मिळालेल्यांनी अन्यायकारक वाटणी जास्त वेळा स्वीकारली. याला ‘प्रोटीअस इफेक्ट’ म्हणतात. पण तो शरीराबद्दल बोलतो. आपल्या तपासनिसाला शरीरच नाही, आहे तो फक्त हुद्दा. इथे ओळख दिसण्यातून येत नाही, ती सवयीतून येते.

ती समजून घ्यायला अभ्यासक जेम्स पॉल जी यांची २००३ मधली मांडणी जास्त कामाची आहे. खेळताना तीन ओळखी एकत्र नांदतात असं ते म्हणतात. पहिली पात्राची, म्हणजे सरकारी नोकर, कुटुंबवत्सल, घाबरलेला. दुसरी खऱ्या खेळाडूची, म्हणजे तुम्ही, तुमचा स्वभाव, तुमची चिकाटी, तुमचे पूर्वग्रह. तिसरी या दोहोंच्या मधली : हे पात्र कसं असावं असं मला वाटतं आणि त्याच्या नावावर मी काय जमा होऊ देणार. या तिसरीला जेम्स पॉल जी ‘प्रोजेक्टिव्ह’ ओळख म्हणतात. पात्राला मी माझी मूल्यं देतो आणि मग त्याचं वागणं त्या मूल्यांना शोभेल असं ठेवायची जबाबदारीही माझ्यावर येते.

आता त्या बाईकडे परत जाऊ. समजा एका खेळाडूने तिला सोडलं. चिठ्ठी आली, पण पहिलीच असल्यामुळे दंड नाही. त्याच्या मनात एक चित्र तयार झालं : माझा तपासनीस आतून चांगला आहे. दोन दिवसांनी सीमेवर हल्ला होतो आणि काम मध्येच थांबवलं जातं. दिवस लवकर संपतो, पगार तुटपुंजा. घरी दोघं आजारी, औषध एकालाच पुरेल. दुसऱ्या दिवशी एक माणूस परवान्याशिवाय येतो आणि आजारी नातेवाइकाला भेटायचंय म्हणतो. हातात दोनपैकी एकच माफी शिल्लक आहे आणि अजून अर्धा दिवस बाकी आहे. खेळाडू लाल शिक्का मारतो.

या क्षणी तिन्ही ओळखी एकमेकींपासून सुट्या होतात. पात्राच्या जागेवरून पाहिलं तर निर्णय समजण्यासारखा आहे. खऱ्या खेळाडूचं काहीच नुकसान नाही, त्याच्या घरी कुणी उपाशी नाही. टोचतं ते तिसरीला, कारण ‘माझा तपासनीस चांगला आहे’ हे वाक्य आता खोटं पडलंय. अनेक खेळाडू इथे कारणं शोधू लागतात : तो खोटं बोलत असणार, हल्ल्यांमुळे आता सावध राहायलाच हवं, आधी घर. म्हणजे राजवटीची भाषा खेळाडू आपणहून बोलू लागतो. हल्लेखोरांचा राग येतो तो त्यांनी माणसं मारली म्हणून कमी, आपला दिवस बुडवला म्हणून जास्त. चित्रपटात असा अधिकारी आपण बाहेरून पाहिला असता आणि त्याला बिनदिक्कत नावं ठेवली असती. इथे नावं ठेवायची ती स्वतःला.

जाता जाता एक शंका. चूक झाल्याबरोबर चिठ्ठी येते, म्हणजे बरोबर उत्तर व्यवस्थेला आधीच माहीत असतं. मग तपासनीस हवाच कशाला? गेम म्हणून याचं उत्तर सोपं आहे : खेळाडूला लगेच प्रतिसाद मिळाला नाही तर तो शिकणार नाही. पण खेळताना ती चिठ्ठी प्रतिसाद वाटत नाही, पाळत वाटते. एरवी ज्याला आपण उपयोगी इंटरफेस म्हणू, त्यालाच इथे दहशतीचा वास येतो.

हे वाचन कुठे अडतं

नियमांतून अर्थ निघतो असं म्हटलं की लगेच पुढचं गृहीतक येतं : डिझायनरने अर्थ नियमांत भरला आणि खेळाडूने तो बाहेर काढला. मिगेल सिकार्ट यांनी २०११ मध्ये यावरच बोट ठेवलं. अशाने खेळाडू केवळ नियम राबवणारा हमाल ठरतो आणि खेळण्यातला खेळकरपणा, मोडतोड, स्वतःचा अर्थ यांना जागाच उरत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख आहे. हा आक्षेप रास्त आहे. ‘पेपर्स, प्लीज’ निव्वळ ‘फरक ओळखा’ कोड्यासारखा खेळणारे लोक आहेत. त्यांना ती बाई म्हणजे परवाना नसलेली आणखी एक नोंद. त्यांनी गेम चुकीचा खेळला असं म्हणता येणार नाही. तेव्हा ‘हा गेम खेळाडूला असं वाटायला लावतो’ असं वाक्य सेमिनारच्या निबंधात लिहिताना हात आखडता घ्यावा. ‘हा गेम अमुक वागण्याला तमुक किंमत लावतो’ एवढं मात्र नियमांवरून सिद्ध करता येतं.

आणखी एक मर्यादा आहे ती जागेची. सगळं काचेच्या आतल्या बाजूने दिसतं. रांगेतल्या माणसाला कधी पाळी मिळत नाही. त्याची भीती आपल्याला दोन ओळींत कळते, तपासनिसाचा ताण मात्र तासन् तास अनुभवायला मिळतो. त्यामुळे सहानुभूतीचा तराजू शिक्का मारणाऱ्याकडे झुकतो आणि याची भरपाई कितीही चांगल्या संवादांनी होत नाही.

नियमांनी नेमकं काय केलं आणि कथेने काय केलं, हे वेगळं काढायचं असेल तर त्याची सोय गेममध्येच आहे. शेवटांच्या यादीतला विसावा शेवट गाठला की एक न संपणारा प्रकार खुला होतो. त्यात कागद तेच, शिक्के तेच, रांगही तीच. पण घर नाही, भाडं नाही, आजारी मुलगा नाही आणि महिन्याची गोष्टही नाही, फक्त गुण मोजले जातात. दोन्ही प्रकार पाठोपाठ खेळून पाहावेत आणि शिक्का मारायला लागणारा वेळ, वाचलेले आणि न वाचलेले संवाद, मुद्दाम घेतलेल्या चिठ्ठ्या यांची नोंद ठेवावी. मुद्दाम घेतलेली चिठ्ठी हा सगळ्यांत बोलका आकडा, कारण तिथे खेळाडूने नियम समजून-उमजून मोडलेला असतो. गुण मोजणाऱ्या प्रकारात तसं करायला काही कारणच उरत नाही.

याच्या जोडीला मूळ कथा सोप्या पातळीवरही खेळता येते. तिथे रोज २० क्रेडिट जादा मिळतात. पात्रं, संवाद, ३१ दिवसांचा क्रम, यांतलं काहीही बदलत नाही. पण आता ती बाई समोर येते तेव्हा घरचं भाडं निघालेलं असतं आणि तिला परत पाठवायला ‘माझा नाइलाज होता’ हे कारण पुरत नाही.